टन लपवू नका!

"दूरदृष्टीची धोरणे, ग्राहककेंद्री विचार आणि विस्तारलेले वितरणजाळे यांच्या बळावर प्रतिकूल परिस्थितीतही कंपनीने उलाढालीत 15 टक्क्यांची भरीव वाढ नोंदवली."

हे वाक्य कोणा एका कंपनीचे नाही. पण वार्षिक अहवाल चाळणाऱ्या प्रत्येकाने ते वाचलेले आहे. कधी त्यात 12 टक्के असतात, कधी 20. कधी वितरणजाळ्याच्या जागी नवनिर्मिती येते. साचा तोच राहतो. पाइप विकणारी कंपनी तो वापरते, औषधे विकणारीही वापरते आणि बिस्किटे विकणारीही. जे वाक्य कोणत्याही कंपनीला, कोणत्याही वर्षी बसते, ते त्या कंपनीबद्दल त्या वर्षाचे काहीच सांगत नाही. भागधारकाने पैसे दिले, विश्वास दिला आणि वर्षभराने विचारले की उलाढाल का वाढली. त्याला उत्तर म्हणून जाहिरात मिळाली. ही साधी टाळाटाळ नव्हे. ज्याच्या पैशावर कारखाना उभा आहे त्याच्यापासून कारखान्याची हकिगत दडवण्याचा हा प्रकार आहे, आणि तो दरवर्षी, गुळगुळीत कागदावर, संचालक मंडळाच्या मंजुरीने होतो.

अहवालाच्या ज्या प्रकरणात हे वाक्य असते त्याला व्यवस्थापकीय चर्चा आणि विश्लेषण म्हणतात. ते कंपनीने हौसेने लिहिलेले नसते. कुमार मंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींनंतर 2000 साली ते आपल्याकडे सूचीबद्ध कंपन्यांच्या नियमांत आले. आज सेबीच्या 2015 च्या सूचीबद्धता नियमांतील पाचव्या परिशिष्टात त्याचे विषय घालून दिलेले आहेत. उद्योगाची रचना, संधी आणि धोके, विभागवार कामगिरी, पुढचा अंदाज, आणि कामकाजाच्या संदर्भात आर्थिक कामगिरीची चर्चा. हा शेवटचा विषय नीट वाचा. रुपयांतले आकडे कामकाजाशी जोडून दाखवा, असे नियम सांगतो. कामकाज म्हणजे किती माल बनला, किती विकला गेला, कोणाला आणि काय भावाने. दूरदृष्टी हे कामकाज नव्हे.

आता एक कारखाना डोळ्यांपुढे आणू. तो पीव्हीसी पाइप बनवतो. शेतीचे पाइप आणि घरबांधणीतले प्लंबिंगचे पाइप, असा दोन तऱ्हेचा माल आहे. कारखाना आणि त्याचे आकडे आम्ही कल्पिलेले आहेत. वर्ष मात्र 2021-22 सारखे आहे, आणि ते वर्ष या धंद्यातला माणूस विसरणार नाही. एप्रिल-मे 2021 मध्ये, पावसाळ्याआधी शेतकरी पाइप घेतो त्या ऐन हंगामात, करोनाच्या दुसऱ्या लाटेचे निर्बंध होते. वर्षाच्या उत्तरार्धात पीव्हीसी रेझिनचे भाव विक्रमी पातळीला गेले. रेझिन हाच पाइपचा मुख्य कच्चा माल असल्याने ते महागले की पाइप महागतो.

आदल्या वर्षी या कारखान्याने शेतीचे 30,000 टन पाइप किलोला 90 रुपयांनी विकले. त्याचे 270 कोटी झाले. प्लंबिंगचे 10,000 टन 130 रुपयांनी गेले, त्याचे 130 कोटी. एकूण 40,000 टन आणि 400 कोटी. पुढच्या वर्षी शेतीचे 24,000 टन 115 रुपयांनी गेले, म्हणजे 276 कोटी, आणि प्लंबिंगचे 11,000 टन 160 रुपयांनी, म्हणजे 176 कोटी. याखेरीज ऑक्टोबरमध्ये कंपनीने पाण्याच्या टाक्या बनवणारा एक छोटा कारखाना विकत घेतला होता, त्याचे 8 कोटी मिळाले. बेरीज 460 कोटी. वाढ 15 टक्के.

आकडा खरा आहे. त्याच्यामागचे सत्य मात्र उलटे आहे. कारखान्याने 40,000 ऐवजी 35,000 टन माल विकला, म्हणजे विक्री साडेबारा टक्क्यांनी घटली. शेतीच्या पाइपमध्ये तर पाचवा हिस्सा गेला. कंपनीचा मूळ ग्राहक असलेला शेतकरी दुकानातून हात हलवत परत गेला, आणि अहवालात त्याच वर्षाला भरीव वाढीचे वर्ष म्हटले आहे!

हे उलगडायला फार मोठे गणित लागत नाही. आदल्या वर्षी सरासरी भाव किलोला 100 रुपये होता. विक्री 5,000 टनांनी घटली, म्हणजे जुन्या सरासरी भावाने 50 कोटी गेले. पण विकलेल्या मालात स्वस्त शेतीच्या पाइपचा वाटा कमी झाला आणि महाग प्लंबिंगचा वाढला. प्रत्येक मालाची घटवाढ त्याच्या त्याच्या जुन्या भावाने मोजली तर शेतीत 54 कोटींची घट आणि प्लंबिंगमध्ये 13 कोटींची भर दिसते, म्हणजे निव्वळ घट 50 ची नव्हे, 41 कोटींची. मधले 9 कोटी मालाच्या मिश्रणाने वाचवले. आता भाव पाहा. शेतीच्या 24,000 टनांवर किलोमागे 25 रुपये जास्त मिळाले, ते 60 कोटी. प्लंबिंगच्या 11,000 टनांवर 30 रुपये जास्त मिळाले, ते 33 कोटी. भावाचे एकूण 93 कोटी झाले. तेव्हा हिशेब असा: भावाने 93 कोटी दिले, मिश्रणाने 9 दिले, विकत घेतलेल्या कारखान्याने 8 दिले आणि घटलेल्या विक्रीने 50 कोटी नेले. निव्वळ वाढ 60 कोटी. पै अन् पै जुळली.

यातले सर्वांत मोठे कारण कोणते? रेझिनचा भाव. तो जागतिक बाजारात ठरतो. त्यात वितरणजाळ्याचे कर्तृत्व काय, आणि धोरणाची दूरदृष्टी ती कोणती?

संचालकहो, हे तुम्हाला ठाऊक नव्हते असे सांगू नका. बऱ्यापैकी चालणाऱ्या प्रत्येक कारखान्यात हा तक्ता दर महिन्याला बनतो. वित्त विभागात त्याला ब्रिज म्हणतात. जुन्या आकड्यावरून नव्या आकड्यावर जाणारा पूल, आणि त्याचे खांब म्हणजे भाव, वजन, मिश्रण, खरेदी केलेला व्यवसाय, निर्यात असेल तर चलनाचा दर. तो विक्रीप्रमुखापुढे जातो, मंडळाच्या बैठकीत पडद्यावर झळकतो, कर्ज देणारी बँक मागते तेव्हा तिलाही मिळतो. मग अहवाल लिहायची वेळ येते. वित्त विभागाचा तक्ता कंपनी सेक्रेटरीकडे जातो, तिथून अहवाल सजवणाऱ्या सल्लागाराकडे, तिथून अध्यक्षांच्या कार्यालयात. प्रत्येक टेबलावर त्यातला एकेक आकडा गळतो आणि त्याच्या जागी एकेक विशेषण बसते. छापखान्यात पोहोचेपर्यंत टन नाहीसे झालेले असतात. सत्य घरात होते. उंबरठा ओलांडताना ते पुसले गेले. आमचा राग त्या पुसण्यावर आहे. अज्ञानाला क्षमा असते. माहीत असलेला हिशेब मालकापासून लपवणाऱ्या मुनीमाला कोणत्या पेढीने क्षमा केली आहे?

आणि हे एवढ्यावर थांबत नाही. आमच्या कारखान्याच्या वहीत आणखी एक पान आहे. मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत 2,000 टन शेतीचे पाइप डीलरांच्या गोदामांत गेले. एरवी 30 दिवसांची उधारी असते, या मालाला 90 दिवसांची दिली. हे 23 कोटी झाले. डीलरने माल मागितला होता एप्रिल-मेसाठी, तो मार्चमध्येच रवाना केला. माल खरा, बिल खरे, डीलरही खरा. हिशेबाच्या मानकांत ती विक्री बसूही शकेल. पण हे 23 कोटी बाजूला काढले तर उलाढाल 437 कोटींची राहते आणि वाढ 15 टक्क्यांवरून सव्वानऊ टक्क्यांवर येते. शिवाय येणारे वर्ष 2,000 टनांच्या खड्ड्यातून सुरू होते. कारण सांगताना हे सांगायचे नाही, तर मग काय सांगायचे?

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत अंडर आर्मर ही खेळाचे कपडे विकणारी कंपनी होती, तिमाहीमागून तिमाही 20 टक्क्यांहून अधिक वाढ दाखवणारी. 2015 च्या उत्तरार्धात थंडी नेहमीसारखी पडली नाही, महाग गरम कपडे खपेनात आणि विश्लेषकांच्या अंदाजाइतकी विक्री होणार नाही असे कंपनीला आतून दिसू लागले. तिने ग्राहक-दुकानांनी पुढच्या तिमाहीसाठी नोंदवलेला माल आधीच पाठवायला सुरुवात केली. सलग सहा तिमाह्यांत मिळून 40 कोटी 80 लाख डॉलरची विक्री अशी पुढून ओढून आणली. वाढीची कारणे सांगताना इतर अनेक गोष्टी सांगितल्या, ही एक सांगितली नाही. 2021 च्या मे महिन्यात तिथल्या रोखे आयोगाने तिच्यावर कारवाई केली आणि आरोप मान्य वा अमान्य न करता कंपनीने 90 लाख डॉलरचा दंड भरला. विक्रीची नोंद खोटी होती, असा ठपका आयोगाने ठेवलाच नाही. ठपका होता तो कारणे सांगण्यातल्या लबाडीवर. आकडा खरा असूनही माणूस फसवू शकतो, हे त्या आदेशाने कागदावर आणले.

आपल्या अहवालात असे पान दडवलेले असेल तर त्याचा माग कुठे लागतो? येणी पाहा. आमच्या कारखान्याची वर्षअखेरची येणी 40 कोटींवरून 69 कोटींवर गेली. उलाढाल 15 टक्क्यांनी वाढली आणि येणी 72 टक्क्यांनी. वर्षअखेरची शिल्लक धरून मोजले तर येण्यांची उलाढाल वर्षाला 10 वेळांवरून पावणेसात वेळांच्याही खाली येते, म्हणजे एक तृतीयांश घसरते. सेबीने 2018 च्या दुरुस्तीने याच प्रकरणात एक अट घातली आहे. येण्यांची उलाढाल, साठ्याची उलाढाल, व्याज भरण्याची क्षमता अशा ठरावीक गुणोत्तरांत 25 टक्के किंवा अधिक बदल झाला तर त्याचे स्पष्टीकरण द्यायचे. ही अट सोन्यासारखी आहे, आणि कंपन्यांनी तिची माती केली आहे. स्पष्टीकरणाच्या रकान्यात छापतात, "येणी वाढल्यामुळे." गुणोत्तर घसरले कारण येणी वाढली! हे कारण नव्हे, तोच आकडा दुसऱ्या शब्दांत. ताप का आला, तर अंग गरम झाले म्हणून, असे सांगणाऱ्या वैद्याला गावात कोणी उभे करणार नाही. कारण असे असते: मार्चमध्ये 90 दिवसांच्या उधारीवर 23 कोटींचा माल दिला.

मग खरे प्रकरण कसे लिहायचे? दोष काढणे सोपे, लिहून दाखवा, असे कोणी म्हणेल. लिहून दाखवतो. आमच्या कारखान्याचा परिच्छेद असा हवा:

"या वर्षी उलाढाल 400 कोटींवरून 460 कोटींवर गेली. विकलेल्या मालाचे वजन मात्र 40,000 टनांवरून 35,000 टनांवर आले. 60 कोटींच्या वाढीत भाववाढीचे 93 कोटी आहेत. पीव्हीसी रेझिन महागल्याने आम्ही दोन्ही तऱ्हेच्या पाइपचे दर वाढवले. प्लंबिंगच्या महाग मालाचा वाटा वाढल्याने 9 कोटी आणि ऑक्टोबरमध्ये घेतलेल्या टाक्यांच्या कारखान्यामुळे 8 कोटी मिळाले. वजन घटल्याने 50 कोटी कमी झाले. शेतीच्या पाइपची विक्री 30,000 टनांवरून 24,000 टनांवर आली. एप्रिल-मेच्या निर्बंधांत हंगाम बुडाला आणि पुढे भाव चढल्याने शेतकऱ्यांनी खरेदी लांबवली. या दोहोंचा वाटा वेगळा काढणे आम्हाला शक्य झालेले नाही. प्लंबिंगची विक्री 10,000 टनांवरून 11,000 टनांवर गेली. मार्चच्या शेवटच्या दहा दिवसांत 2,000 टन शेतीचे पाइप, 23 कोटी रुपयांचे, नेहमीच्या 30 ऐवजी 90 दिवसांच्या उधारीवर डीलरांना दिले. ही मागणी एप्रिल-मेची होती, त्यामुळे पुढच्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीची विक्री तेवढ्याने कमी दिसेल. येणी 40 कोटींवरून 69 कोटींवर जाण्याचे हे मुख्य कारण आहे. हा अहवाल लिहिताना रेझिनचे भाव उतरत आहेत. वजन या वर्षाइतकेच राहिले आणि पाइपचा भाव किलोला 10 रुपयांनी उतरला, तर वर्षाची उलाढाल 35 कोटींनी घटेल."

संपले. एक पानसुद्धा लागले नाही. यात व्यवस्थापनाची निंदा नाही आणि स्तुतीही नाही. प्लंबिंगमध्ये दहा टक्के वजन वाढले ही खरी कमाई होती, आणि पहिल्या वाक्यातल्या भरीव वाढीच्या ढिगाऱ्याखाली तीही गाडली गेली होती. फुगवलेल्या लिखाणाचे हे एक दुर्दैव. ते अपयश झाकते आणि त्याच पांघरुणाखाली खरे यशही झाकून टाकते.

या परिच्छेदातल्या दोन गोष्टींकडे लक्ष वेधतो, कारण अहवाल लिहिणारे नेमके तिथेच घसरतात. पहिली, कारणांची बेरीज जुळते. जे कारण सांगितले त्याला रक्कम आहे, आणि सगळ्या रकमा मिळून बदलाएवढ्या होतात. बेरीज मागितली की खोटे कारण आपोआप गळून पडते. ग्राहककेंद्री विचाराचे किती कोटी झाले, हे विचारून पाहा. उत्तर नाही, म्हणून ते कारणही नाही. दुसरी गोष्ट, वजा आणि अधिक वेगवेगळे मांडले आहेत. अहवालांचे लाडके वाक्य असते की "भाववाढीचा लाभ काही अंशी विक्रीतील घटीने कमी झाला." हे काही अंशी म्हणजे किती? 5 कोटी की 50 कोटी? आमच्या कारखान्यात निम्म्याहून अधिक लाभ घटीने खाल्ला होता. एका शब्दाआड 50 कोटी रुपये लपतात आणि कोणाला खोटे बोलल्याचे पापही लागत नाही. अशा ठिकाणी शब्द खोडावा आणि रक्कम लिहावी.

आणि जिथे माहीत नाही तिथे माहीत नाही असे लिहावे. निर्बंधांमुळे किती आणि भावामुळे किती, हे शेतकऱ्याच्या मनात शिरून कोणी मोजू शकत नाही. ते कबूल केल्याने कंपनीची पत जात नाही. भाव, वजन आणि मिश्रण यांची वाटणीसुद्धा कशा क्रमाने मोजता यावर थोडी हलते. आम्ही वजन जुन्या भावाने आणि भाववाढ नव्या वजनावर मोजली. उलट क्रमाने मोजले तर रकमा बदलतील, बेरीज तीच राहील. म्हणून एकदा पद्धत ठरवावी, ती एका ओळीत सांगावी आणि दरवर्षी तीच ठेवावी. आपल्याला शोभेल तशी दरवर्षी फिरवायची ती पद्धत नव्हे.

आता पुढचे वर्ष पाहू. 2022 मध्ये रेझिनचे भाव कोसळले. पाइप स्वस्त झाला, थांबलेला शेतकरी दुकानात आला आणि टनांत विक्री वाढूनही अनेक ठिकाणी रुपयांतल्या वाढीला गळती लागली. अशा वर्षीचा अहवाल काढून वाचा. दूरदृष्टी कुठे गेली? तिच्या जागी जागतिक अस्थिरता येते, कच्च्या मालातील चढउतार येतात, आव्हानात्मक बाह्य परिस्थिती येते. भाव चढला तेव्हा तो आमचा पराक्रम आणि उतरला तेव्हा जगाचा दोष! रेझिन तेच, कारखाना तोच, लिहिणारा हातही तोच. ही खोड आमच्याच देशाची आहे असे मुळीच नाही. बेटमन आणि वाइट्झ या संशोधकांनी अमेरिकी कंपन्यांची भागधारकांना लिहिलेली पत्रे तपासून 1983 साली दाखवून दिले की वाईट निकालांची कारणे बाहेरच्या, आपल्या हाताबाहेरच्या गोष्टींत शोधली जातात. 2008 मध्ये फेंग ली यांनी मांडले की ज्या कंपन्यांची कमाई कमी, त्यांचे अहवाल वाचायला जास्त अवघड. खोड जुनी आणि जगभरची आहे. म्हणून ती चालवून घ्यायची का?

तिची परीक्षा घरबसल्या करता येते. दोन लागोपाठच्या वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. चांगल्या वर्षी जे कारण गाळले आणि वाईट वर्षी पुढे केले, ते शोधा. रेझिन एका वर्षी नाव न घेता आले आणि दुसऱ्या वर्षी मथळ्यात आले, तर समजा की पहिल्या वर्षी तुम्हाला फसवले होते.

कंपन्यांचे उत्तर आम्ही ऐकून आहोत. टन सांगितले तर स्पर्धकाला कळेल. काय कळेल? स्पर्धकाचे विक्रेते त्याच डीलरच्या दारात बसतात. कोणाचा माल उठतो आणि कोणाचा पडून आहे, हे त्यांना अहवालाच्या सहा महिने आधी ठाऊक असते. अंधारात राहतो तो फक्त भागधारक. आणि टन सांगणाऱ्या कंपन्या बुडाल्या का? हिंदुस्तान युनिलिव्हर वर्षानुवर्षे खपाच्या परिमाणावर आधारलेली वाढ वेगळी सांगत आली आहे. भाव वेगळा, खप वेगळा, असे विचारायची विश्लेषकांनाही तिथे सवय झाली. साबण-चहाच्या गळेकापू बाजारात जे चालते ते पाइपच्या बाजारात का चालू नये?

एक आक्षेप मात्र खरा आहे. सॉफ्टवेअर किंवा रुग्णालयाच्या कंपनीत टन नसतात. पण तिथे त्यांचे त्यांचे माप असतेच: कामाचे तास आणि तासाचा दर, भरलेल्या खाटांचे दिवस आणि दिवसाचे बिल, परदेशी उत्पन्न असेल तर चलनाचा दर स्थिर धरून मोजलेली वाढ. ज्या मापाने तुम्ही आत धंदा चालवता त्याच मापाने बाहेर सांगा, एवढेच मागणे आहे.

आता कायद्याकडे वळतो, कारण सगळा भार सदिच्छेवर टाकायला आम्ही तयार नाही. हा देश एकेकाळी याहून पुढे होता. कंपनी कायद्याच्या जुन्या सहाव्या परिशिष्टात उत्पादन कंपनीला मालाच्या प्रकारानुसार उत्पादन, साठा आणि विक्री यांचे परिमाण छापावे लागे. टन छापावे लागत! 2011-12 पासून लागू झालेल्या सुधारित परिशिष्टातून ही अट गेली. आधुनिकीकरणाच्या नावाखाली भागधारकाच्या हातातला तराजू काढून घेतला गेला. अमेरिकेच्या रोखे आयोगाचा नियम मात्र अजूनही स्पष्ट विचारतो: उत्पन्नात लक्षणीय बदल झाला असेल तर त्यातला किती भाग भावामुळे, किती विकलेल्या मालाच्या परिमाणामुळे आणि किती नव्या उत्पादनामुळे, ते सांगा. आमच्या परिशिष्टात ही एक ओळ नाही. कामकाजाच्या संदर्भात चर्चा करा, असे मोघम म्हटले की कंपन्या मोघमच चर्चा करतात.

लेखापरीक्षक हे पकडेल, या भ्रमातही कोणी राहू नये. लेखापरीक्षणाच्या 720 क्रमांकाच्या मानकाप्रमाणे तो हे प्रकरण वाचतो ते हिशेबपत्रकांशी किंवा परीक्षणात त्याला कळलेल्या गोष्टींशी त्याची ठळक विसंगती आहे का, एवढेच पाहायला. त्या प्रकरणावर तो मत देत नाही. 15 टक्के वाढ हिशेबाशी जुळते, तेव्हा तिथे त्याची लेखणी सहसा थांबते.

म्हणून आमची मागणी सेबीकडे आहे आणि ती थेट आहे. पाचव्या परिशिष्टात एक कलम वाढवा. उलाढालीत दहा टक्क्यांहून अधिक बदल झाल्यास तो भाव, परिमाण, मिश्रण, खरेदी किंवा विक्री केलेले व्यवसाय आणि चलन यांत रकमेसह वाटून दाखवणे सक्तीचे करा. वर्षाच्या शेवटच्या महिन्यात उधारीच्या अटी सैल करून दिलेला माल वेगळा सांगायला लावा. गुणोत्तरांच्या रकान्यात आकड्याची पुनरुक्ती हे स्पष्टीकरण मानले जाणार नाही, असे लिहा. यात नवा खर्च नाही, कारण तक्ता तयार आहे. फक्त तो दाराबाहेर यायचा आहे.

आणि भागधारकांनो, कलम येईपर्यंत तुम्ही हात बांधून बसायचे कारण नाही. मार्चअखेर वर्ष संपवणाऱ्या कंपन्यांना वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यावी लागते, आणि सभेची सूचना किमान 21 दिवस आधी तुमच्या हाती यावी लागते. ते 21 दिवस तुमचे आहेत. उलाढालीचा परिच्छेद काढा, त्यात सांगितलेल्या प्रत्येक कारणापुढे पेन्सिलीने रक्कम लिहायचा प्रयत्न करा आणि जिथे रक्कम लिहिता येणार नाही तिथे खूण करा. मग सभेत उभे राहून अध्यक्षांना विचारा: गेल्या वर्षी किती टन विकले आणि या वर्षी किती?